सिंगल डोअर फ्रीजमधला बर्फ न फोडता कसा काढावा, आणि तो लगेच परत का जमतो

मागच्या जुलै महिन्यात सांगलीच्या गावभागातल्या एका घरातून मला बोलावणे आले. फ्रीज एका दाराचा, १९० लिटरचा, आठ वर्षे वापरलेला होता. घरच्या काकूंनी फ्रीजरचे झाकण उघडून दाखवले, तेव्हा पुढच्या खालच्या कडेला दोन बोटे जाडीचा बर्फ होता आणि त्यामुळे ते झाकण पुरते लागतही नव्हते. “अहो, बारा दिवसांपूर्वीच सगळा बर्फ काढला होता. परत एवढा आला म्हणजे गॅस संपत आला असेल का?” त्यांनी विचारले. फ्रीज दुरुस्तीच्या कामात हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकायला मिळतो आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असेच असते. गॅस कमी झाला तर बर्फ जास्त जमत नाही. तो कमी जमतो, किंवा एकाच कोपऱ्यात जमतो. फ्रीजरभर जमलेला बर्फ म्हणजे बाहेरून आत आलेले पाणी असते. ते कुठून आले, हे शोधल्याशिवाय बर्फ कितीही वेळा काढला तरी तो परत येतो.

म्हणून या लेखात दोन्ही कामे एकत्र सांगत आहे. बर्फ काढताना निघालेले पाणी बहुतेक लोक मोरीत ओतून देतात. ते ओतण्याआधी मोजावे, एवढीच माझी विनंती आहे, कारण बर्फ लवकर का जमतो याचा सर्वांत खरा पुरावा त्या पाण्यातच असतो.

बर्फ नेमका कशावर जमतो

दोन दारांच्या ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रीजमध्ये थंड करणारी कॉइल मागे लपलेली असते, तिच्यावर पंखा असतो आणि तिच्यावरचे हिम एक हीटर ठरावीक वेळाने वितळवतो. एका दाराच्या, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये यातले काहीच नसते. तिथे फ्रीजरची पेटी हीच थंड करणारी कॉइल असते. अॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर दाबून त्यांच्यामध्ये फुगीर नळ्या तयार केलेल्या असतात आणि त्या नळ्यांमधून गॅस फिरतो. फ्रीजरच्या भिंतीवर ज्या नक्षीसारख्या उंचवट रेषा दिसतात, त्या याच नळ्या होत. नळीवरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासच असतो. सुरीचे टोक, उलथने किंवा स्क्रूड्रायव्हर बर्फातून घसरून त्या रेषेवर आले, तर भोक पडायला फारसा जोर लागत नाही.

संपूर्ण फ्रीजमधली सर्वांत थंड जागा ही पेटीच असल्यामुळे आतल्या हवेतले सगळे बाष्प शेवटी तिच्याकडेच ओढले जाते आणि तिच्यावर गोठते. खालच्या कप्प्यात उघडी ठेवलेली आमटी, ओली कोथिंबीर, दार उघडताना शिरलेली पावसाळी हवा, या सगळ्यांतले पाणी काही तासांत किंवा दिवसांत फ्रीजरच्या भिंतीवर येऊन बसते. त्या बाष्पाला दुसरीकडे जायला वाटच नसते.

कधी काढावा

थर जवळपास पाच-सहा मिलिमीटरचा झाला, म्हणजे करंगळीच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत आला, की बर्फ काढण्याची वेळ झाली असे समजावे. त्याहून जाड थर हा पत्र्यावर घातलेल्या गोधडीसारखा काम करतो. भुरभुरीत हिमात हवा अडकलेली असल्यामुळे त्यातून उष्णता फार हळू जाते. गोधडीच्या आत पत्रा अतिशय थंड राहतो आणि बाहेर, जिथे दूध-भाजी ठेवलेली असते, तिथे पुरेसा थंडावा पोहोचत नाही.

इथे एक फसवी साखळी सुरू होते आणि ती समजून घेणे उपयोगाचे आहे. डायरेक्ट कूल फ्रीजच्या थर्मोस्टॅटला दुधाचे तापमान कळत नाही; त्याची बारीक नळी फ्रीजरच्या पत्र्याला चिकटवलेली असते आणि पत्रा किती थंड आहे एवढेच त्याला कळते. बर्फाखालचा पत्रा झटकन थंड होतो, कॉम्प्रेसर लवकर बंद पडतो आणि खालचे दूध मात्र कोमटच राहते. मग घरातले कोणीतरी नॉब तीनवरून पाचवर नेते. पत्रा आणखी थंड होतो, बर्फ आणखी वेगाने जमतो आणि विजेचे बिलही वाढते. दूध नासू लागले म्हणून नॉब वाढवण्याआधी फ्रीजरमध्ये डोकावून बर्फाचा थर पाहावा.

काम सुरू करण्याआधी

सकाळी दूध तापवून झाल्यावर आणि स्वयंपाक उरकल्यावर हे काम घेतले तर फ्रीज रिकामा करणे सोपे जाते. एकूण दोन ते तीन तास धरावेत. फ्रीजरमधल्या वस्तू एकमेकींना चिकटवून वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात आणि मोठ्या पातेल्यात किंवा बादलीत ठेवून वर जाड टॉवेल किंवा सतरंजी घालावी. एवढ्या वेळात त्या वितळत नाहीत. मांस किंवा मासे मऊ पडलेच, तर ते परत गोठवू नयेत, त्याच दिवशी शिजवावेत. घरात कोणाचे इन्सुलिन फ्रीजमध्ये असेल तर ते सावलीत, थंड जागी ठेवावे. थंड राहावे म्हणून ते बर्फाला टेकवून ठेवण्याची चूक मात्र करू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

त्यानंतर नॉब शून्यावर आणून सॉकेटमधला प्लगच काढावा. नुसते भिंतीवरचे बटण बंद करून थांबू नये, कारण जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर लावलेले असण्याची शक्यता असते आणि मग बटण बंद असूनही फ्रीजमध्ये वीज राहते. स्टॅबिलायझर फ्रीजशेजारी जमिनीवर ठेवलेला असेल तर तो उचलून बाजूला ठेवावा, कारण थोड्याच वेळात त्या जागी पाणी येणार आहे. पायात कोरडी रबरी चप्पल असावी आणि प्लगला हात लावताना हात कोरडे असावेत.

नॉबच्या मधोमध एक छोटे बटण असते. ते दाबले की कॉम्प्रेसर थांबतो आणि पत्रा शून्याच्या थोडा वर, साधारण पाच-सहा अंशांपर्यंत आला की ते आपोआप बाहेर येऊन फ्रीज पुन्हा सुरू होतो. बर्फ पातळ असेल तर रात्री झोपताना ते बटण दाबणे पुरेसे असते. थर जाड असेल तर मात्र त्यावर विसंबू नये. थर्मोस्टॅटची नळी जिथे चिकटलेली असते तेवढी जागा आधी मोकळी होते, बटण बाहेर येते आणि बाकी अर्धवट वितळलेला बर्फ पुन्हा गोठून काचेसारखा कठीण होतो. अशा कठीण बर्फात ट्रे अडकून बसतात आणि मग लोकांना सुरी आठवते.

बर्फ वितळवणे

फ्रीजरच्या खालचा चिलर ट्रे जागेवरच राहू द्यावा, कारण वितळलेले पाणी त्यातच पडते. काही मॉडेलमध्ये पाणी मागच्या छिद्रातून नळीने कॉम्प्रेसरवरच्या भांड्यात जाते आणि तिथल्या उष्णतेने वाळते. पण एक-दीड लिटर पाणी ते भांडे एका वेळी सामावून घेऊ शकेल असे धरून चालू नये. फ्रीजच्या पायाशी जुने पंचे किंवा गोणपाट पसरावे आणि चिलर ट्रे अर्धा भरला की पाणी एका मोठ्या भांड्यात ओतत राहावे. हे पाणी मोजायचे असल्यामुळे पंचे पिळून निघालेले पाणीसुद्धा त्याच भांड्यात घ्यावे.

आता एका रुंद पातेल्यात लिटरभर गरम पाणी घ्यावे. उकळते पाणी घेऊ नये. हात घातला तर क्षणभरच सोसेल एवढे, म्हणजे साधारण ५५ ते ६० अंशांचे असावे. फ्रीजरच्या तळाशी चौपदरी घडी केलेला पंचा ठेवून त्यावर ते पातेले ठेवावे आणि आतले झाकण लोटून घ्यावे. वाफ वरच्या बर्फाला लागते आणि तो सैल होत जातो. दर वीस मिनिटांनी पाणी बदलावे.

किती पातेली लागतील याचा अंदाज थोड्या हिशोबाने येतो. एक लिटर पाणी ६० अंशांवरून १० अंशांपर्यंत निवताना जेवढी उष्णता सोडते, तेवढ्यात सुमारे सहाशे ग्रॅम बर्फ वितळतो. यातली जवळपास निम्मी उष्णता आजूबाजूच्या हवेत जाते, म्हणून एका पातेल्यामागे तीनशे ग्रॅम धरावेत. दीड किलो बर्फाला पाच पातेली पुरतात. हा अंदाज मनात असला की तिसऱ्या पातेल्यानंतर धीर सुटून हातात काही टोकदार घेण्याची वेळ येत नाही.

मुख्य दार पूर्ण उघडे ठेवून चार-पाच फुटांवर टेबलफॅन लावला तर काम आणखी लवकर होते. पंखा आणि त्याची वायर पाण्यापासून दूर, शक्यतो स्टुलावर ठेवावी. पावसाळ्याच्या दमट हवेचा इथे उपयोगच होतो, कारण हवेतले बाष्प बर्फावर निवताना आपली उष्णता बर्फाला देऊन जाते. मात्र तेच बाष्प मोजण्याच्या पाण्यात थोडी भर घालते, हे पुढच्या हिशोबात लक्षात ठेवावे.

बर्फ पत्र्यापासून सुटू लागला की त्याचे पापुद्रे हाताने किंवा लाकडी उलथन्याच्या बोथट कडेने अलगद उचलावेत. ओढून निघत नसेल तर तो अजून सुटलेला नाही असे समजून पुढचे पातेले ठेवावे. ट्रे अडकला असेल तर त्याच्याभोवती गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटे धरावा.

हे करू नये

मीठ टाकण्याची युक्ती पुष्कळ घरांत चालते आणि मीठ बर्फ वितळवते हे खरेच आहे. पण मिठाचे पाणी अॅल्युमिनियमला खाते. त्यातला थोडा अंश नळ्यांच्या कडेला आणि सांध्यात राहतो आणि काही महिन्यांनी तिथे टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते. तेव्हा मीठ टाकल्याची आठवणसुद्धा कोणाला राहिलेली नसते. केस वाळवण्याचा ड्रायर मी वापरू देत नाही, कारण टपकणाऱ्या पाण्यापाशी विजेचे उपकरण हातात धरावे लागते आणि जवळून लागलेली गरम हवा प्लॅस्टिकचे अस्तर वाकवते. उकळते पाणी थेट बर्फावर ओतले तर थंडगार प्लॅस्टिक तडकते.

टोकदार वस्तूबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा गॅस असतो. मागच्या पट्टीवर तसे लिहिलेले असते. त्याचे प्रमाण शंभर ग्रॅमपेक्षाही कमी असते, पण तो ज्वालाग्राही आहे आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो. बर्फ काढताना ‘फुस्स’ असा आवाज आला तर लगेच हात मागे घ्यावा, शेगडी पेटलेली असेल तर ती विझवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि पंखा किंवा दिवा चालू असेल तर चालूच राहू द्यावा, बंद असेल तर बंदच ठेवावा. कोणतेही बटण दाबू नये. प्लग आधीच काढलेला असेल तर फ्रीजच्या बाजूने ठिणगीची भीती राहत नाही आणि सुरुवातीलाच प्लग काढण्याचे हे दुसरे कारण आहे. फ्रीज चालू असताना भोक पडले तर त्याचे नुकसान वेगळ्याच प्रकारचे असते. हा गॅस उणे बारा अंशांच्या खाली उकळत असताना नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून गॅस बाहेर येण्याऐवजी दमट हवा आणि पाणी आत ओढले जाते. काहीच आवाज येत नाही, दोन दिवसांनी थंडावा जातो आणि तोवर पाणी कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचलेले असते. मग नुसते भोक बुजवून भागत नाही.

पुसणे आणि पुन्हा सुरू करणे

सगळा बर्फ गेल्यावर कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून आतला भाग पुसावा आणि मग कोरड्या सुती कापडाने अगदी पूर्ण कोरडा करावा. मागे छिद्र असेल तर त्यात थोडे कोमट पाणी सोडून ते खाली जाते की नाही पाहावे. तुंबले असेल तर मऊ प्लॅस्टिकची काडी फिरवावी, तार घालू नये. पत्र्यावर राहिलेला ओलावा म्हणजे पुढच्या बर्फाचा पहिला थर असतो, म्हणून इथे घाई करण्यात फायदा नाही. प्लग लावून फ्रीज तासभर रिकामाच चालू द्यावा, मग वस्तू भराव्यात आणि पाण्याने भरलेला बर्फाचा ट्रे सर्वांत शेवटी ठेवावा.

पाणी काय सांगते

आता जमा झालेले पाणी मोजावे आणि मागचा बर्फ काढल्यापासून किती दिवस गेले त्या संख्येने भागावे. काकूंच्या घरी पंचे पिळून एक लिटर ६०० मिलिलिटर पाणी निघाले. बारा दिवसांत एवढे, म्हणजे दिवसाला सुमारे १३५ ग्रॅम.

हे जास्त आहे की नाही, हे ठरवण्यासाठी दार उघडल्याने किती पाणी येते याचा अंदाज हवा. सांगलीत जुलैच्या दिवशी हवा २६ अंश आणि आर्द्रता नव्वदीच्या आसपास असेल, तर एक घनमीटर हवेत जवळपास २२ ग्रॅम बाष्प असते. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश उन्हात आर्द्रता पंचवीस टक्के असेल, तर तेच प्रमाण साडेअकरा ग्रॅम भरते. पावसाळ्यात हवा गार असूनही बर्फ जास्त का येतो, याचे उत्तर इथे आहे: बर्फ उन्हाने जमत नाही, बाष्पाने जमतो आणि जुलैच्या हवेत ते जवळपास दुप्पट असते. साताऱ्यात, घाटाच्या अधिक जवळ, हा फरक पावसाळाभर असाच जाणवतो.

या फ्रीजमध्ये मोकळी हवा सुमारे दीडशे लिटर असेल आणि दार उघडल्यावर दर वेळी तिच्यातली निम्मी बदलत असेल असे धरू. आत आलेल्या हवेतले घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम पाणी फ्रीजमध्ये राहते, म्हणजे एकदा दार उघडल्याचे सव्वा ग्रॅमच्या आसपास. दिवसातून तीस वेळा दार उघडले तरी चाळीस ग्रॅमच्या आत. चौघांच्या घरात एवढे पाणी येणारच आणि त्याने महिन्याभरात पाच-सहा मिलिमीटरचा थर होणे साहजिक आहे. त्यापेक्षा लवकर बर्फ काढावा लागत असेल तर दार उघडण्यावरून मुलांना रागावून फार उपयोग नाही. काकूंच्या फ्रीजमध्ये दिवसाला ९५ ग्रॅम पाणी दुसरीकडून येत होते.

त्यातला मोठा वाटा रबराचा, म्हणजे दाराच्या गॅस्केटचा होता. कागदाची लांब पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. पट्टी घट्ट अडून आली पाहिजे. सहज निसटली तर तिथे फट आहे. ही परीक्षा एकाच जागी न करता चारही बाजूंना हातभर अंतरावर करावी, कारण बहुधा बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपराच दोषी असतो आणि तो कोणाला दिसत नाही. रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवून, मोबाइलचा टॉर्च लावून तो फ्रीजमध्ये ठेवून दार लावले तर फटीतून उजेडाची रेघ दिसते. काकूंच्या दारात खालच्या कोपऱ्यात चार बोटे लांबीची फट होती. फट लहान असली तरी ती दिवसरात्र उघडी असते, हे लक्षात घ्यावे. मिनिटाला फक्त एक लिटर हवा आत गेली तरी दिवसाला ती १,४४० लिटर होते आणि तिच्यातून सुमारे २४ ग्रॅम पाणी येते. इथे ती गळती त्याच्या दुप्पट-तिप्पट असावी.

रबराला तेल, हळद आणि पावसाळ्यात येणारी काळी बुरशी यांचा चिकट थर बसला होता. तो साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या मऊ ब्रशने, घडीच्या आतपर्यंत काढला. मग दबलेल्या कोपऱ्यावर गरम पाण्यात पिळलेला पंचा पाच मिनिटे धरून, रबर बोटांनी बाहेर ओढून पट्टी पुन्हा तपासली. ती अडू लागली. रबर फाटलेले किंवा दगडासारखे कडक झालेले असते, तर मात्र त्याच मॉडेलचे नवे रबर बसवण्याशिवाय इलाज नव्हता. फ्रीजचे पुढचे पाय अर्धा-एक फेरा फिरवून पुढची बाजू किंचित वर केली, म्हणजे दार अर्ध्यावर सोडले तरी आपल्या वजनाने लागते.

दुसरे कारण फ्रीजरचे आतले झाकण होते. त्याची स्प्रिंग गेली होती आणि ते बोटभर उघडे राहत होते. अनेक घरांत तुटलेले झाकण काढून माळ्यावर टाकलेले असते, कारण त्याच्याशिवायही बर्फाचे ट्रे तर जमतात. पण ते झाकण खालच्या कप्प्यातल्या ओल्या हवेला पत्र्यापर्यंत येण्यापासून अडवत असते. जास्तीचा बर्फ झाकणाच्या तोंडाशी आणि पुढच्या कडेला जाड असेल, तर दोष बहुधा झाकणात किंवा रबरात असतो. काकूंचा बर्फ अगदी तसाच होता.

उरलेले पाणी फ्रीजमध्येच तयार होत होते. धुऊन न निथळलेली पालेभाजी, उघड्या पातेल्यातली आमटी आणि रात्री कोमट असतानाच आत गेलेले दूध हे त्याचे स्रोत होते. याची खात्री करायची असेल तर उघड्या वाटीत शंभर ग्रॅम पाणी वजन करून खालच्या कप्प्यात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करावे; जेवढे कमी भरेल तेवढे पत्र्याकडे गेलेले असते. दूध झाकण ठेवून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच आत ठेवावे, भाजी पंच्यावर तासभर पसरून कोरडी करावी. काकूंनी नॉबही पाचवरून दोनवर आणला. पावसाळ्यात स्वयंपाकघर गार असताना तेवढे पुरते.

त्यानंतर अठ्ठावीस दिवसांनी त्यांनी बर्फ काढला आणि पाणी मोजून मला फोन केला. एक लिटर २०० मिलिलिटर निघाले होते, म्हणजे दिवसाला ४३ ग्रॅम. तो पावसाळ्याचाच महिना होता आणि घरात पाहुणे येऊन-जाऊन होते, तरी एवढेच निघाले.

जिथे हा हिशोब लागू पडत नाही

दोन प्रकारांत पाणी मोजून उपयोग होत नाही. पहिल्यात कॉम्प्रेसर थांबतच नाही, अगदी रात्री दार बंद असतानाही, आणि खालच्या कप्प्यातली काकडी किंवा कोथिंबीर गोठू लागते. नॉब सर्वांत कमी आकड्यावर ठेवून तीन-चार तास वाट पाहावी. तरीही कॉम्प्रेसर बंद पडला नाही, तर थर्मोस्टॅट बिघडला आहे किंवा त्याची नळी पत्र्यापासून सुटली आहे. बर्फ काढताना नळीची क्लिप सैल झाल्यामुळेही असे होते, म्हणून ती नळी मागच्या भागात पत्र्याला घट्ट टेकलेली आहे ना, हे पाहायला हवे. ते काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

दुसऱ्यात बर्फ फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात, नळी जिथून आत येते तिथे गोळ्यासारखा जमतो, बाकीचा पत्रा उघडा आणि ओलसर राहतो, कॉम्प्रेसर सतत चालतो आणि तरी दूध नासते. काकूंनी सुरुवातीला ज्याची भीती बोलून दाखवली होती तो गॅसचा प्रश्न असा दिसतो. तिथे बर्फ काढून काही साधत नाही. मेकॅनिकला बोलावताना बर्फ किती आहे हे सांगण्यापेक्षा तो कुठे आहे आणि कुठे नाही हे सांगावे, शक्य असेल तर बर्फ काढण्याआधीच मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन ठेवावा, म्हणजे त्याला गळती शोधायला कुठून सुरुवात करावी ते कळते.